कातरलेल्या प्लेलिस्टमधील अर्धवट दिसणारी गाण्यांची नावे कशी ओळखावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेलिस्टचा स्क्रीनशॉट हाती आहे, पण उजवी कड कापली गेली आहे, शेवटची ओळ निम्मी उडाली आहे किंवा एखाद्या सूचनेच्या पट्टीने मधला मजकूर झाकला आहे, अशा वेळी मला जे प्रश्न सर्वाधिक विचारले जातात त्यांची ही उत्तरे आहेत. आठव्या प्रश्नात एक प्रत्यक्ष प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवले आहे. वेळ कमी असेल तर निदान तेवढे वाचावे.

1. तर्क लढवण्याआधी काय करावे?

आधी मूळ चित्र मिळते का ते पाहावे. पुष्कळ फोनमध्ये चित्र कापले तरी कापलेला भाग लगेच नष्ट होत नाही. आयफोनच्या फोटो ॲपमध्ये कापलेले चित्र पुन्हा संपादनासाठी उघडले की ते मूळ रूपात परत नेता येते. गूगल फोटोजमध्येही बदल त्याच चित्रावर जतन केलेला असेल तर तो मागे घेता येतो. मात्र हे ज्या फोनवर किंवा खात्यावर कापणी झाली तिथेच शक्य आहे. संदेशातून तुमच्याकडे आलेल्या प्रतीत सहसा उरलेलाच भाग असतो. म्हणून चित्र पाठवणारी व्यक्ती ओळखीची असेल तर पहिला प्रश्न तिलाच विचारावा, कारण दोन मिनिटांत मिळणाऱ्या उत्तरासाठी दोन तास घालवण्यात अर्थ नाही.

2. चित्र धूसर आहे. मोठे करून उपयोग होईल का?

मोठे केल्याने डोळ्यांवरचा ताण कमी होतो, नवी माहिती मिळत नाही. संदेशाच्या ॲपमधून फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट बहुधा आकाराने लहान केला जातो आणि जेपेग पद्धतीने दाबला जातो. जेपेग हे चित्राला 8 बाय 8 बिंदूंच्या चौकटींत विभागून दाबते, त्यामुळे अक्षरांच्या कडांभोवती फिकट डाग उमटतात. देवनागरीत हे विशेष घातक ठरते, कारण असा एखादा डाग शिरोरेषेच्या वर पडला तर तो हुबेहूब अनुस्वारासारखा दिसतो. डाग की टिंब हे ठरवायचे असेल तर त्याच चित्रातील निःसंशय अनुस्वार शोधावा आणि दोन्हींचा आकार, उंची व गडदपणा ताडून पाहावा. पाठवणाऱ्याला तेच चित्र फाइल म्हणून, म्हणजे न दाबता, पाठवण्याची विनंती करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

3. नाव ॲपनेच तोडले आहे की ते चित्र कापताना तुटले आहे, हे कसे ओळखावे?

हा फरक आधी ठरवला नाही तर पुढचा सगळा तर्क चुकतो, म्हणून याला मी फार महत्त्व देतो. ओळीत न मावणारे नाव ॲप स्वतः तोडते तेव्हा ते शेवटी तीन टिंबे ठेवते. ही टिंबे सगळ्या लांब नावांच्या बाबतीत जवळपास एकाच उभ्या रेषेच्या आसपास येतात, आणि त्यांच्या उजवीकडे मेनूच्या चिन्हासाठी किंवा गाण्याच्या लांबीसाठी जागा सोडलेली असते. चित्र कापताना मात्र कात्री अक्षराच्या मधोमधही चालते. काना अर्धा राहतो, शिरोरेषा थेट चित्राच्या कडेला जाऊन भिडते, आणि उजवीकडे कोरी जागा उरत नाही.

दोन्ही प्रकारांतून वेगवेगळी माहिती मिळते. ॲपने तोडलेल्या नावाबद्दल एवढे निश्चित सांगता येते की पूर्ण नाव त्या रकान्यापेक्षा रुंद आहे. म्हणजे जे संभाव्य नाव त्या रकान्यात सहज मावले असते ते बाद होते. शिवाय तीन टिंबांमागे नेहमी गाण्याचे शब्दच दडलेले असतात असे नाही. पुष्कळदा तिथे चित्रपटाचे नाव, थेट मैफलीचा उल्लेख किंवा नव्याने ध्वनिसंस्कार केल्याची नोंद असते, आणि गाण्याचे खरे नाव आधीच पूर्ण दिसत असते. कापलेल्या नावाबद्दल असे काहीच सांगता येत नाही. कडेला अडलेल्या अक्षरानंतर एक अक्षर उरले असेल किंवा चार शब्द उरले असतील.

एका सापळ्याची सूचना इथेच देतो. कात्री कधी कधी त्या तीन टिंबांवरूनच जाते आणि एक किंवा दोनच टिंबे शिल्लक राहतात. ती वाचणाऱ्याला पूर्णविराम वाटतात. ती अक्षरांच्या तळरेषेवर आणि शेवटच्या अक्षराला चिकटून आहेत का, हे पाहावे. तशी असतील तर ती तीन टिंबांचाच उरलेला भाग असण्याची शक्यता धरावी.

4. शेवटची ओळ आडवी कापली गेली आहे आणि अक्षरांचा फक्त वरचा भाग दिसतो. ती वाचता येईल का?

रोमन लिपीत असेल तर बऱ्याचदा येते. रोमन अक्षरांचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागापेक्षा अधिक बोलका असतो, हे एडमंड ह्युई यांनी वाचनाच्या अभ्यासात 1908 साली नोंदवले होते, आणि एखादी छापील ओळ कागदाने निम्मी झाकून कोणालाही ते पडताळता येते.

देवनागरीचा हिशेब वेगळा आहे. शिरोरेषा जवळपास सगळ्या अक्षरांना सारखी असल्यामुळे तिच्यापासून काही कळत नाही. शिरोरेषेच्या वर मात्र वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार असतात आणि ते या प्रकारात शाबूत राहतात. हरवतात ते उकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण आणि अक्षराचा खालचा आकार. ‘ट’ खाली उघडा असतो आणि ‘ठ’ बंद, त्यामुळे खालचा भाग गेला की ही जोडी एकमेकींत मिसळते. अशा ओळीत स्वरचिन्हांचा क्रम आधी लिहून काढावा. कोणत्या ठिकाणी वेलांटी आहे, कुठे मात्रा आहे आणि कुठे काहीच नाही, एवढ्या सांगाड्यावरूनही संभाव्य नावांची यादी झपाट्याने आखडते.

5. आणि फक्त खालचा भाग दिसत असेल तर?

हे अधिक फसवे आहे, कारण ओळ वाचता येते आहे असे वाटत राहते. वरचा भाग गेल्यावर ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ या जोड्यांमधला फरकच नाहीसा होतो, कारण तो शिरोरेषेजवळच असतो. त्याहून मोठी अडचण उभ्या काठीची आहे. दीर्घ वेलांटीचा वरचा वळसा कापला गेला की उरते ती नुसती काठी, आणि ती कान्यासारखी दिसते. ‘राणी’ आणि ‘राणा’ यांत मग काहीच फरक उरत नाही. ओकार आणि औकार यांचेही तेच होते. ऱ्हस्व वेलांटीची काठी तर अक्षराच्या आधी येत असल्यामुळे ती मागच्या अक्षराचा काना समजली जाते. म्हणून अशा ओळीत दिसणारी प्रत्येक सुटी काठी ‘काना’ म्हणून न वाचता ‘काठी’ म्हणूनच नोंदवावी आणि तिच्या जागी पाचही शक्यता लावून पाहाव्यात.

कात्री नेमकी कोणत्या उंचीवरून गेली हे डोळ्यांनी ठरवू नये, मोजावे. प्लेलिस्टमधील ओळी समान अंतरावर असतात. पूर्ण दिसणाऱ्या दोन ओळींच्या शिरोरेषांमधले अंतर बिंदूंमध्ये मोजले, समजा ते 176 आले, तर कापलेल्या ओळीची शिरोरेषा कुठे यायला हवी हे लगेच कळते, आणि शिल्लक तुकडा अक्षराच्या कोणत्या पट्ट्यातला आहे याबद्दल वाद राहत नाही.

6. मधला भाग झाकला आहे, दोन्ही टोके दिसतात. अक्षरे मोजून अंदाज बांधावा का?

अक्षरे मोजू नयेत, रुंदी मोजावी. पडद्यावरच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. ‘र’ अरुंद असतो, ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ ऐसपैस असतात, आणि जोडाक्षर लिहिताना दोन व्यंजने असली तरी जागा एकापेक्षा थोडीच जास्त लागते. त्यामुळे ‘इथे चार अक्षरे मावतील’ हे विधान फारसे कामाचे नसते.

मोजपट्टी त्याच चित्रातून घ्यावी. संभाव्य शब्दात येणारी अक्षरे इतर ओळींमध्ये शोधून त्यांच्या रुंदी लिहून घ्याव्यात आणि त्यांची बेरीज झाकलेल्या जागेशी ताडावी. असे केल्याने फाँट कोणता, चित्र किती लहान झाले, हे प्रश्नच उरत नाहीत, कारण मोजपट्टी आणि वस्तू दोन्ही सारख्याच प्रमाणात बदललेल्या असतात. गाण्याच्या नावाच्या ओळीतील अक्षरांची तुलना नावाच्याच ओळींशी करावी, कारण खालची कलाकाराची ओळ सहसा लहान अक्षरांत असते. दोन-तीन बिंदूंचा फरक मी चालवून घेतो. त्याहून मोठी तफावत आली तर ते नाव कितीही मनाला पटले असले तरी सोडून देतो. रुंदी जुळणे हा पुरावा दुबळा असतो, कारण इतरही शब्द तेवढेच रुंद असू शकतात, पण रुंदी न जुळणे हा पुरावा भक्कम असतो.

7. मुखचित्र आणि कलाकाराच्या नावावरून किती मदत होते?

उजवी कड कापली गेली असली तरी मुखचित्राचा चौकोन बहुधा डावीकडे शाबूत असतो, आणि तो सर्वांत मोठा दुवा आहे. पूर्ण वाचता येणाऱ्या एखाद्या गाण्याचे मुखचित्र तेच असेल तर त्या गाण्यावरून अल्बम उघडता येतो, आणि शक्यतांचे रान एकदम दहा-बारा गाण्यांपुरते मर्यादित होते. मात्र एकच गाणे मूळ अल्बममध्ये, स्वतंत्र प्रकाशनात आणि निवडक गाण्यांच्या संग्रहात वेगवेगळ्या मुखचित्रांसह असू शकते. त्यामुळे मुखचित्र जुळले नाही म्हणून गाणे बाद करू नये.

8. एखादे प्रकरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

माझ्या थोरल्या बहिणीने एक स्क्रीनशॉट पाठवला होता. ज्या खात्यावर ती प्लेलिस्ट होती ते बंद झाले होते आणि तिच्याकडे एवढेच चित्र उरले होते, तेही एका बाजूने कापलेले. सात गाण्यांपैकी सहा तिने आठवून सांगितली. चौथ्याचे नाव अडले होते आणि ते तिला मनापासून हवे होते. पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून मी खालील नावे आणि वेळा बदलून नव्याने रचल्या आहेत, तेव्हा ही गाणी शोधायला जाऊ नये.

चौथ्या ओळीत ‘पावसाच्या अ’ एवढे दिसत होते आणि ‘अ’च्या उभ्या दंडानंतर लगेच चित्र संपत होते. मुखचित्र दुसऱ्या ओळीतल्या गाण्यासारखेच होते आणि दुसरे गाणे पूर्ण वाचता येत होते. त्यावरून अल्बम उघडला. त्यात ‘पावसाच्या’ने सुरू होणारी चार गाणी निघाली : ‘पावसाच्या अल्याड’, ‘पावसाच्या अंगणी’, ‘पावसाच्या आधी’ आणि ‘पावसाच्या ओढीने’.

बहीण म्हणाली, “अरे, ‘अ’ दिसतो आहे ना, मग पहिल्या दोनांतलेच एक असणार.” इथेच थांबणे आवश्यक होते. देवनागरीत ‘आ’ म्हणजे ‘अ’च्या पुढे आणखी एक दंड, आणि ‘ओ’ व ‘औ’ म्हणजे त्या दुसऱ्या दंडावर मात्रा. पहिल्या दंडानंतर चित्र कापले गेले असेल तर ‘अ’, ‘आ’, ‘ओ’ आणि ‘औ’ ही चारही अक्षरे अगदी सारखी दिसतात. म्हणजे आपल्याला ‘अ’ दिसत नव्हता, त्या चौघांचा सामाईक भाग दिसत होता. चारही गाणी अजून शर्यतीत होती.

पहिले बाद झाले ते ‘अंगणी’. ‘अं’चा अनुस्वार पहिल्या, म्हणजे एकुलत्या दंडाच्या डोक्यावर येतो. त्या चित्रात दंड पूर्ण होता, त्याच्या वरची जागाही शाबूत होती आणि ती कोरी होती. त्याच चित्रात पहिल्या ओळीत एक अनुस्वार स्वच्छ दिसत होता, त्यामुळे चित्र दाबताना टिंब पुसले गेले असेल अशी शंकाही उरली नाही.

उरलेल्या तीन गाण्यांत अक्षरांवरून निवड करणे शक्य नव्हते. सुदैवाने चित्राचा वरचा भाग शिल्लक होता आणि तिथे ‘7 गाणी, 31 मिनिटे’ अशी एकूण वेळ होती. ओळखलेल्या सहा गाण्यांच्या लांबी 4:31, 3:58, 5:12, 4:05, 4:40 आणि 4:24 होत्या, म्हणजे एकूण 26 मिनिटे 50 सेकंद. ॲपने वरचे सेकंद सोडून दिले असतील तर एकूण वेळ 31:00 ते 31:59 असणार आणि हरवलेले गाणे 4:10 ते 5:09 लांबीचे असणार. ॲपने जवळच्या मिनिटाला आकडा आणला असेल तर एकूण वेळ 30:30 ते 31:29 आणि गाणे 3:40 ते 4:39. यांपैकी कोणती रीत वापरली आहे हे ठाऊक नव्हते, म्हणून मी दोन्ही पट्टे एकत्र धरले : 3:40 ते 5:09.

‘पावसाच्या आधी’ 3:05 लांबीचे होते आणि ‘पावसाच्या ओढीने’ 5:48 लांबीचे. दोन्ही पट्ट्याबाहेर गेली. ‘पावसाच्या अल्याड’ 4:22 लांबीचे होते आणि दोन्ही रीतींनी आत बसत होते. ते लावल्यावर बहिणीला पहिल्याच ओळीला ओळख पटली. मी मात्र उत्तर त्याआधीच लिहून ठेवले होते, कारण ऐकल्यावर पटणे आणि चित्रावरून सिद्ध होणे या दोन गोष्टी मला वेगळ्या ठेवायच्या होत्या.

9. एकूण वेळेवरून काढलेले हे उत्तर कधी चुकते?

बाकीच्या गाण्यांपैकी एकाचीही आवृत्ती चुकीची धरली तर सगळी बेरीज सरकते. एकाच गाण्याच्या चित्रपटातील, मैफलीतील आणि नव्याने ध्वनिसंस्कार केलेल्या आवृत्तींच्या लांबीत काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत फरक असतो. म्हणून प्रत्येक गाण्याची लांबी त्याच सेवेवर, त्याच मुखचित्राच्या आवृत्तीवरून घ्यावी. दोन गाणी हरवली असतील तर ही पद्धत फक्त दोघांची मिळून लांबी सांगते, आणि यादी पन्नास-साठ गाण्यांची असेल तर तासांच्या आकड्यात मिनिटेच गाळली जाण्याची शक्यता असल्याने तिचा फारसा उपयोग राहत नाही.

10. अल्बम सापडत नाही, फक्त सुरुवातीची अक्षरे आणि लांबी ठाऊक आहे. शोध कुठे घ्यावा?

संगीत सेवांचा शोध लोकप्रिय गाणी वर आणतो आणि लांबीनुसार गाळणी लावू देत नाही. म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीत-कोशात ते करता येते. शोधताना शोधाचा प्रकार ‘Recording’ ठेवावा, प्रगत शोधभाषेचा पर्याय निवडावा आणि लांबी मिलिसेकंदांत द्यावी. 4:22 म्हणजे 262 सेकंद, म्हणजे 262000 मिलिसेकंद. दोन्ही बाजूंना दोन सेकंदांची सूट ठेवून प्रश्न असा होतो :

```
recording:pavs* AND dur:[260000 TO 264000]
```

इथे तारांकनाचा अर्थ ‘पुढे काहीही’ असा आहे. आपल्या भाषांतील गाण्यांची नावे अनेकदा रोमन लिपीत नोंदवलेली असतात आणि त्यांचे स्पेलिंग ठरलेले नसते, म्हणून `pavs*`, `pavas*`, `paws*` आणि `pawas*` असे सगळे प्रकार वेगवेगळे टाकून पाहावेत, आणि शेवटी देवनागरीतही शोधावे. काही सापडले नाही तर त्यातून गाणे अस्तित्वात नाही असा निष्कर्ष काढू नये. तो कोश स्वयंसेवकांनी भरलेला आहे आणि त्यात सगळी गाणी नाहीत.

11. दुसऱ्याने मुद्दाम कापलेल्या चित्रावर हे करावे का?

कोणी आपल्या यादीतली काही नावे जाणूनबुजून झाकली असतील तर ती उकलू नयेत. माझ्याकडे असे चित्र आले तर मी ते सोडवत नाही आणि कारणही सरळ सांगतो.

12. उत्तर पूर्ण खात्रीचे नसेल तर ते कसे लिहावे?

प्राचीन शिलालेखांचे वाचन छापताना अभ्यासक 1931 साली ठरलेले लायडन संकेत पाळतात. त्यांत दगडावर आता न उरलेली पण संपादकाने भरलेली अक्षरे चौकोनी कंसात घालतात. मी गाण्यांच्या नावांनाही तीच रीत लावतो : ‘पावसाच्या अ[ल्याड]’. कंसाबाहेरचे डोळ्यांना दिसले, कंसातले तर्काने आले, हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळते. काटेकोरपणे पाहिले तर वरच्या प्रकरणात ‘अ’सुद्धा संदिग्ध होता, आणि संदिग्ध अक्षराखाली त्या संकेतांनुसार टिंब देतात. देवनागरीत ते टिंब नुक्त्यासारखे दिसून घोळ होतो, म्हणून मी अशा अक्षरापुढे प्रश्नचिन्ह ठेवतो : ‘पावसाच्या अ?[ल्याड]’. खाली एका ओळीत कोणती नावे तपासली आणि प्रत्येक कशामुळे बाद झाले तेही लिहितो. उद्या त्याच चित्राची न कापलेली प्रत कोणाला सापडली, तर माझे वाचन नेमके कोणत्या पायरीवर चुकले हे त्याला त्या नोंदीवरून शोधता येते.